कलर सॉर्टरचं क्रेडिट एकदम मिळालं, मग पाच वर्षं दर महिन्याला परत काय करायचं?

खानापूरचा_मिलवाला

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमची राईस मिल आहे. गेल्या हंगामाआधी कोल्हापूरच्या एका डीलरकडून कलर सॉर्टर घेतला. किंमत २४ लाख, वर परराज्यातल्या खरेदीवरचा जीएसटी, म्हणजे आयजीएसटी, १८ टक्के, ४ लाख ३२ हजार. मशीन झकास चाललंय, काळा दाणा, खडा वेचून बाजूला टाकतं. तक्रार मशीनची नाही.

आमचा बहुतेक तांदूळ ५० किलोच्या पोत्यांतून जातो, त्यावर जीएसटी नाही. २५ किलोपर्यंतच्या छापील पिशव्या करतो त्यावर ५ टक्के आहे. शिवाय शेतकऱ्यांचं भात भरडून देतो, त्या भरडाईवरही ५ टक्के लावून पावती देतो. महिन्याचा आकडा साधारण ४० लाख धरा: पोती ३० लाख, पिशव्या ८ लाख, भरडाई २ लाख.

सीए म्हणतात, मशीनवर भरलेला कर आपल्या विक्रीच्या करातून वळता करून घ्या, म्हणजे क्रेडिट पूर्ण घ्या, आणि मग त्यातला थोडा भाग दर महिन्याला उलटवत, म्हणजे सरकारला परत करत राहा, पाच वर्षं. मला हे काही पटेना. एका हाताने पूर्ण द्यायचं आणि दुसऱ्या हाताने साठ महिने मागत राहायचं, याला पूर्ण क्रेडिट म्हणायचं की हप्ते? आणि आमच्याकडून नेमकं किती जाणार? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

उद्यमबागी

अहो अण्णा, तुमचे सीए काहीतरी घोळ घालायलेत. भांडवली मालाचं क्रेडिट निम्मं या वर्षी, निम्मं पुढच्या वर्षी. पोर्टलवर एकदम दिसतं म्हणून लोक एकदम उचलतात, मग नोटीस आली की बोंब. आम्ही धातूकामाची पहिली व्हीएमसी मशीन घेतली तेव्हा मार्चमध्ये बिल लावलं, म्हणजे निम्मं मार्चमध्ये आणि निम्मं एप्रिलमध्ये. डोकं चालवलं की दोन महिन्यांत काम होतं. आणि परत करायचा तर प्रश्नच नाही. आम्ही आजपर्यंत एक रुपया उलटवलेला नाही.

सांबरा_रोड

मला वाटतं प्रश्न घसाऱ्याचा आहे. मशीनवर १५ टक्के घसारा मिळतो. जीएसटी धरून २८ लाख ३२ हजारांवर घसारा घ्या, आयकरात वजावट मिळते, विषय संपला. पाच वर्षांत बरंच वसूल होतं.

खानापूरचा_मिलवाला

सांबरा_रोड, घसाऱ्याचं आमचे सीए बघतात. मी क्रेडिटबद्दल विचारतोय. उद्यमबागी, तुमची व्हीएमसी कुठल्या साली घेतलेली?

उद्यमबागी

२०१४.

जुना_हिशेबनीस

तिथेच गफलत आहे. उद्यमबागी सांगतात ते त्या काळापुरतं शंभर टक्के बरोबर आहे. २०१४ मध्ये एक्साइज होतं, त्याच्या क्रेडिटची सेनव्हॅट पद्धत होती, आणि सेनव्हॅटमध्ये मशीनवरच्या क्रेडिटपैकी पहिल्या आर्थिक वर्षात ५० टक्क्यांपर्यंतच घेता यायचं, उरलेलं पुढच्या वर्षी. मार्चमध्ये बिल लावायची युक्ती उद्यमबागेत निम्म्या शेडमध्ये चालायची, मी स्वतः कितीतरी लोकांना करून दिली आहे. पण १ जुलै २०१७ नंतर ते संपलं. जीएसटीत निम्मं-निम्मं नाही. बिल हातात, मशीन दारात आणि डीलरने ते बिल आपल्या रिटर्नमध्ये दाखवलं असलं की पूर्ण रक्कम त्याच महिन्यात घेता येते.

सांबरा_रोड यांना एकच सांगतो. जीएसटीची रक्कम मशीनच्या किमतीत धरून तिच्यावर घसारा घेतला, तर तेवढ्या रकमेचं क्रेडिट मिळत नाही. दोन्हीपैकी एकच. क्रेडिट घेणार असाल तर पुस्तकात मशीन २४ लाखांनीच चढलं पाहिजे. तपासणीला आलेला माणूस ताळेबंदातली मशीनची किंमत आणि रिटर्नमधलं क्रेडिट शेजारी ठेवून बघतो, हे शोधायला त्याला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

आता मूळ प्रश्न. उद्यमबागींना काही उलटवावं लागलं नाही, कारण त्यांचं सगळं काम करपात्र आहे. मिलवाल्यांचं तसं नाही. ४० लाखांपैकी ३० लाखांचा माल करमुक्त. आणि एकच सॉर्टर दोन्ही माल साफ करतो. अशा सामाईक मशीनसाठी नियम ४३ आहे. तो मशीनचं आयुष्य पाच वर्षं धरतो, बिलाच्या तारखेपासून. क्रेडिटचे साठ भाग करायचे. ४,३२,००० भागिले ६० म्हणजे महिन्याला ७,२००. मग त्या महिन्याच्या विक्रीत करमुक्त माल किती ते बघायचं. तुमचा तीन चतुर्थांश, म्हणून ५,४०० उलटवायचे. `GSTR-3B` मध्ये हे `4(B)(1)` या ओळीत जातं. पाच वर्षं प्रमाण असंच राहिलं तर ३ लाख २४ हजार जाणार, १ लाख ८ हजार तुमचे राहणार.

म्हणजे तुमची शंका रास्त आहे. क्रेडिट पहिल्या दिवशी पूर्ण मिळतं, पण पक्कं होतं साठ महिन्यांत. ऊसतोडीच्या टोळीला हंगामाआधी उचल देतात आणि मग हंगामभर कापून घेतात, साधारण तसं.

खानापूरचा_मिलवाला

आभारी आहे काका. हिशेब समजला. पण मग मला तोटा काय? आधी ४ लाख ३२ हजार हातात आलेच की. बिनव्याजी वापरतो.

जुना_हिशेबनीस

वापरता हे खरं, पण ते संपतं कधी ते बघा. पिशव्या आणि भरडाई मिळून १० लाख, त्यावर ५ टक्के म्हणजे महिन्याला ५० हजार कर. तो या क्रेडिटमधून जातो. वर ५,४०० उलटवायचे. म्हणजे महिन्याला ५५,४०० संपतात. छापील पिशव्या वगैरेंचं दुसरं क्रेडिट बाजूला ठेवलं, तर सात महिन्यांत ३,८७,८०० गेले आणि आठव्या महिन्यात सॉर्टरचं क्रेडिट साफ.

पण उलटवणं आठव्या महिन्याला थांबत नाही. पुढचे ५२ महिने ५,४०० चालूच, म्हणजे २ लाख ८० हजार ८०० रुपये असे जाणार की ज्यांच्यासमोर सॉर्टरचं क्रेडिट शिल्लक नाही. दुसरं क्रेडिट असलं तर त्यातून, नाहीतर रोख. माझ्या पाहण्यात लोक इथेच अडकतात. पहिल्या वर्षी हात मोकळा असतो, दुसऱ्या वर्षी हिशेबनीस बदलतो, नव्या माणसाला मशीनचं माहीत नसतं आणि उलटवणं बंद पडतं. तीन-चार वर्षांनी व्याजासकट निघतं. म्हणून प्रत्येक मशीनचं एक पान वेगळं ठेवा: बिलाची तारीख, कर, साठावा महिना कुठला. साधी वही चालते.

निपाणीची_मशीनवाली

मी विकणाऱ्यांच्या बाजूची. निपाणीत राहते, काम कागल-कोल्हापूर पट्ट्यात, जुन्या-नव्या पॅकिंग आणि सॉर्टिंग मशीन विकतो. काकांचा हिशेब बरोबर आहे, पण मला एक विचारायचंय. मिलवाले दादा, सॉर्टर फक्त पिशव्यांच्या तांदळासाठी वापरतो असं दाखवलं तर? मग सामाईक राहत नाही, पूर्ण क्रेडिट तुमचं. आमचे दोन-तीन गिऱ्हाईक असंच करतात.

जुना_हिशेबनीस

ताई, खरंच तसं वापरत असतील तर नियमाप्रमाणे पूर्ण क्रेडिट आहे, उलटवायचं काही नाही. पण "दाखवलं तर" यात सगळं आलं. यांचा सॉर्टर ताशी किती काढतो?

खानापूरचा_मिलवाला

ताशी एक टन धरा.

जुना_हिशेबनीस

मग बघा. पिशव्या महिन्याला ८ लाखांच्या. किलोला ५० रुपये धरले तर १६ टन. म्हणजे सॉर्टर महिन्यात सोळा तास चालला पाहिजे. वीजबिल, मीटरचं रीडिंग, कामगारांची पाळी, सगळं दुसरंच सांगणार. आणि पोत्यातला तांदूळ सॉर्टरमधून गेलेला आहे हे तर गिऱ्हाईकच सांगेल, कारण तुम्ही पोत्यावर "सॉर्टेक्स" छापत असणार.

खानापूरचा_मिलवाला

छापतो. 😀

निपाणीची_मशीनवाली

बरं बरं, हरले.

विणकर_वडगाव

माझा पण असाच प्रश्न आहे. वडगावात आमचे माग आहेत. जुने काढून रेपियर घेतले, त्यावर १८ टक्के कर भरला. कापडावर ५ टक्के. आमचा सगळा माल करपात्र, त्यामुळे हे साठ महिन्यांचं आम्हाला नाही. पूर्ण क्रेडिट घेतलं. पण ते संपतच नाही. सुतावरचं क्रेडिट दर महिन्याला येतंय, कापडावरचा कर त्यातच भागतो, मशीनचं क्रेडिट खात्यात नुसतं पडून आहे. रिफंडचा अर्ज केला तर सुताचा काही भाग मिळाला, मशीनचा एक रुपया नाही. इथे सगळे म्हणतात जीएसटीत पूर्ण क्रेडिट आहे. असं कसं पूर्ण?

जुना_हिशेबनीस

विणकर दादा, तुमची अडचण मिलवाल्यांपेक्षा वेगळी आहे आणि एका अर्थी जास्त कडू आहे. कच्च्या मालावर कर जास्त आणि पक्क्यावर कमी असेल तर रिफंड मिळतो, पण त्याच्या सूत्रात फक्त कच्च्या मालावरचं क्रेडिट धरतात. मशीन त्यात नाही. निर्यातदाराने कर न भरता माल पाठवून रिफंड मागितला, तरी त्या सूत्रातही मशीन नाही. क्रेडिट तुमच्या नावावर आहे, मुदत संपत नाही, पण वापरायला पुढे पुरेसा कर निघाला पाहिजे. नाही निघाला तर ते कागदावर राहतं. कुणी याला बंधन म्हणत नाही, कारण कायद्यात "पूर्ण क्रेडिट" असं लिहिलंय. पण पैसे सुटत नसतील तर तेही बंधनच, असं माझं मत.

विणकर_वडगाव

मग मार्ग काय?

जुना_हिशेबनीस

एक तर धंदा वाढवून जास्त करपात्र माल काढायचा, म्हणजे खात्यातून थोडं थोडं जाईल. बाकी मला तरी सोपा मार्ग दिसत नाही. काही जण निर्यातीवर आयजीएसटी भरून तो परत मागतात. त्यात भरताना कुठलंही क्रेडिट वापरता येतं, मशीनचंसुद्धा. पण तुम्ही निर्यात करत असाल तरच.

विणकर_वडगाव

आम्ही कुठली निर्यात. बाजार इथलाच.

साओपावलोतला_टिळकवाडीकर

मूळचा टिळकवाडीचा, सध्या ब्राझीलमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. इथला हिशेब वाचून मजा वाटेल म्हणून लिहितो. ब्राझीलमध्ये राज्यांचा आयसीएमएस म्हणून कर आहे, आपल्या जुन्या व्हॅटसारखा. त्यात मशीनवरचं क्रेडिट ४८ हप्त्यांत मिळतं, दर महिन्याला अठ्ठेचाळिसावा भाग. २००१ पासून असंच आहे. त्याआधी एकदम मिळायचं, पण राज्यांच्या तिजोऱ्या रडायला लागल्या. आणि तो अठ्ठेचाळिसावा भागसुद्धा पूर्ण नाही. त्या महिन्यात करपात्र विक्री जेवढे टक्के, तेवढाच. मशीन मध्येच विकली तर उरलेले हप्ते गेले.

मिलवाले दादा ब्राझीलमध्ये असते तर त्यांना ४,३२,००० भागिले ४८ म्हणजे ९,००० आणि त्याचा चौथा हिस्सा २,२५० महिन्याला मिळाले असते. परत काही करायचं नाही. शेवटी हातात तेच १ लाख ८ हजार.

उद्यमबागी

हे तर उलटं झालं. आपल्याकडे आधी देऊन कापतात, तिकडे कापून हळूहळू देतात. शेवट एकच. मग आपलंच बरं की.

जुना_हिशेबनीस

मिलवाल्यांसाठी शेवट एकच, हे बरोबर. पण तुमच्यासाठी नाही उद्यमबागी. तुमचं सगळं काम करपात्र. आपल्याकडे तुम्हाला ४ लाख ३२ हजार पहिल्याच महिन्यात. ब्राझीलमध्ये ९,००० महिन्याला, चार वर्षं, बिनव्याजी. तुम्ही मशीनसाठी बँकेचं कर्ज काढलं असेल तर त्या करावरचंही व्याज तुम्ही भरताय आणि तो कर सरकारकडे बसलाय.

आणि हे फक्त परदेशातलं नाही. २००५ मध्ये राज्यांचा व्हॅट आला तेव्हा राज्यांच्या अर्थमंत्र्यांच्या समितीने जी श्वेतपत्रिका काढली, तिच्यात मशीनवरचं क्रेडिट जास्तीत जास्त ३६ समान मासिक हप्त्यांत द्या, हप्ते कमी करायचे तर राज्याची मर्जी, असं लिहिलेलं होतं. म्हणून प्रत्येक राज्याचं तंत्र वेगळं. कर्नाटकात हे क्रेडिट प्रत्यक्ष उत्पादन किंवा विक्री सुरू झाल्यावरच मिळायचं. शेड बांधायला वर्ष लागलं तर वर्षभर मशीनवरचा कर अडकून. ४,३२,००० तेव्हा ३६ हप्त्यांत विभागले असते तर महिन्याला १२ हजार. सरासरी दीड वर्ष वाट बघायची. १२ टक्के व्याज धरलं तर साधारण पाऊण लाखाचा फटका, तो कुठल्याच बिलावर दिसत नाही.

निपाणीची_मशीनवाली

आणि आमच्या सीमेवरच्या लोकांचं तर तेव्हा वेगळंच होतं. कोल्हापूरहून मशीन निपाणीला आणलं की ते परराज्य. सी फॉर्मवर २ टक्के सीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीवरचा केंद्राचा कर, आणि त्याचं क्रेडिट कुठेच नाही. ना इथे ना तिथे. हप्तेसुद्धा नाहीत, सरळ किमतीत मिसळायचं. बाबा सांगायचे, निपाणीतले काही जण तेच मशीन महाग पडलं तरी कर्नाटकातल्या डीलरकडून घ्यायचे, व्हॅटचं क्रेडिट मिळतं म्हणून. आता आयजीएसटी आला, तेवढा एक त्रास गेला.

जुना_हिशेबनीस

अगदी. मिलवाल्यांना कोल्हापूरच्या बिलाचं क्रेडिट मिळतंय ते त्यामुळेच. २०१६ मध्ये हेच मशीन तिथून आणलं असतं तर त्या सीएसटीच्या क्रेडिटचा विषयच नव्हता.

खानापूरचा_मिलवाला

पण मुळात हप्ते का करायचे? कर भरला, बिल खरं, मशीन समोर उभं. कच्च्या मालाचं एकदम देता, मशीनचंच का नाही?

जुना_हिशेबनीस

मी जे बघितलं त्यातून तीन कारणं दिसतात, आणि तिन्ही सारख्या वजनाची नाहीत.

सगळ्यात मोठं कारण तिजोरी. एखाद्या राज्यात मोठा कारखाना आला, त्याने शंभर कोटींची मशिनरी आणली, तर त्या वर्षी त्याच्याकडून कर शून्य येतो, उलट क्रेडिट साठतं. लहान राज्याचा महिना बिघडतो. हप्ते केले की खड्डा पसरतो. चीनने तर याच्या पुढे जाऊन १९९४ मध्ये व्हॅट आणला तेव्हा मशीनवरचं क्रेडिट दिलंच नाही. महसूल हवा होता आणि गुंतवणूक फार तापली होती, तीही थंड करायची होती. २००४ मध्ये ईशान्येच्या प्रांतांत प्रयोग केला आणि १ जानेवारी २००९ पासून सगळीकडे द्यायला लागले. तेव्हा जगभर मंदी होती, आणि आता गुंतवणूक वाढवायची होती. म्हणजे तेच हत्यार दोन्हीकडून वापरलं.

दुसरं कारण मिलवाल्यांचंच. तांदळाचं पोतं विकलं की संपलं, ते करमुक्त होतं की करपात्र तेव्हाच ठरतं. मशीन पाच-दहा वर्षं चालतं आणि मधल्या काळात त्यावर काय काढाल हे पहिल्या दिवशी कुणालाच माहीत नसतं. आज पिशव्या, उद्या फक्त पोती. त्यावर लक्ष ठेवायचं तर काळ मोजावाच लागतो. युरोपात क्रेडिट आपल्यासारखंच एकदम देतात आणि मशीनवर पाच वर्षं नजर ठेवतात, इमारतीवर वीस वर्षांपर्यंत. आपला साठ महिन्यांचा आकडा त्याच वळणाचा आहे. ब्राझीलचा ४८ हे दोन्ही कामं एकाच फटक्यात करतो, तिजोरीही सांभाळतो आणि नजरही ठेवतो. हिशेबाला सोपा, धंद्याला महाग.

तिसरं, फसवणूक. मशीन घेतली असं दाखवायचं, क्रेडिट उचलायचं, फर्म बंद. पण यासाठी प्रामाणिक माणसाला ३६ महिने थांबवणं मला कधीच पटलं नाही. बनावट बिल कच्च्या मालाचंही असतं.

उद्यमबागी

हे झकास सांगितलंत. म्हणजे माझी २०१४ ची मार्चची युक्तीही त्या तिजोरीच्या कारणामुळेच आवश्यक होती.

निपाणीची_मशीनवाली

मला दुसरंच विचारायचंय, धंद्याचं. आमच्याकडे सॉर्टर दोन-अडीच वर्षांत बदलून घेतात, कारण नवीन कॅमेऱ्याचे मॉडेल येतात. मिलवाले दादांनी पंचविसाव्या महिन्यात, म्हणजे चोवीस महिने आणि पंधरा दिवसांनी मशीन आमच्याकडे ११ लाखांना दिलं, तर? मी ऐकलंय की मग दोनदा मार बसतो. आधी दर महिन्याला ५,४०० गेले आणि विकताना पुन्हा क्रेडिट परत मागतात.

जुना_हिशेबनीस

दोनदा नाही ताई, जरा बघा. महिन्याला जे उलटवलं ते झालेल्या महिन्यांचं. विकताना जे मागतात ते उरलेल्या काळाचं. दोन वेगळे तुकडे आहेत.

विकताना दोन आकडे काढायचे आणि मोठा भरायचा. एक, विक्रीच्या किमतीवरचा कर: ११ लाखांवर १८ टक्के, १ लाख ९८ हजार. दुसरा, घेतलेल्या क्रेडिटमधून वापरलेल्या काळाचा भाग वजा करून. नियम ४० म्हणतो प्रत्येक तिमाहीला किंवा तिच्या भागाला ५ टक्के कमी करा. चोवीस महिने पंधरा दिवस म्हणजे नववी तिमाही लागली, ४५ टक्के गेले, ५५ टक्के उरले, २ लाख ३७ हजार ६००. हा मोठा, म्हणून हाच भरायचा. तुमच्या बिलावर १ लाख ९८ हजार दिसतील आणि वरचे ३९ हजार ६०० मिलवाल्यांच्या खिशातून.

पण इथे एक गंमत आहे. नियम ४४ मध्ये हीच रक्कम काढायची दुसरी पद्धत लिहिली आहे, महिन्यांनी. साठपैकी उरलेले पूर्ण महिने ३५, म्हणजे ४,३२,००० चे ३५ भागिले ६०, २ लाख ५२ हजार. दोन नियम, दोन उत्तरं, फरक १४ हजार ४००. मी स्वतः तिमाहीची पद्धत धरतो, कारण नियम ४० मध्ये या विक्रीचा उल्लेख सरळ आहे. पण दुसरी धरणारे सीएही आहेत, आणि तेही वेडे नाहीत.

साओपावलोतला_टिळकवाडीकर

ब्राझीलमध्ये या बाबतीत निदान भांडण नाही. उरलेले हप्ते गेले, काम संपलं.

सांबरा_रोड

बरं, मग जे ५,४०० दर महिन्याला उलटवले ते मशीनच्या किमतीत मिळवून त्यावर घसारा घेता येईल का? ते तर क्रेडिट राहिलं नाही.

जुना_हिशेबनीस

प्रश्न चांगला आहे. काही जण किमतीत मिळवतात, काही जण सरळ त्या महिन्याच्या खर्चात टाकतात. मी खर्चात टाकायला सांगतो, म्हणजे मशीनच्या किमतीला हात लागत नाही आणि सुरुवातीला सांगितलेली तुलना बिघडत नाही. यावर तुमच्या सीएशी बोलूनच ठरवा.

खानापूरचा_मिलवाला

काका, अजून दोन शंका. आमचं प्रमाण दर महिन्याला सारखं नसतं. नवीन भात आलं की जानेवारीपर्यंत जवळजवळ पोतीच जातात, पिशव्या नंतर. आणि सीए एक "व्याज" म्हणत होते, ते काय?

जुना_हिशेबनीस

पहिलं: प्रमाण त्या त्या महिन्याचं धरायचं. ज्या महिन्यात फक्त पोती गेली त्या महिन्यात ७,२०० चे ७,२०० उलटवायचे, ज्यात पिशव्या जास्त त्यात कमी. विक्रीच नसेल तर आधीच्या महिन्याचं प्रमाण. कच्च्या मालाच्या सामाईक क्रेडिटला वर्षाच्या शेवटी पुन्हा पूर्ण वर्षाचा हिशेब करून कमी-जास्त जुळवावं लागतं. मशीनच्या नियमात ते वार्षिक जुळवणं नाही. त्यामुळे जो महिना गेला तो गेला. तुमची भरडाई करपात्र आहे, ती सुगीच्या महिन्यांत जास्त असेल, ती विक्रीत धरायला विसरू नका. अनेक मिलवाले भरडाईला शेतीचं काम समजून करमुक्त धरतात. सरकारने २०१७ मध्येच परिपत्रक काढून सांगितलंय की भाड्याने भरडलेल्या भातावर ५ टक्के आहे. तुम्ही लावताच आहात, चांगलं आहे.

दुसरं, व्याज. नियम ४३ मध्ये शब्द आहेत की ही रक्कम लागू व्याजासह मिळवायची. आता लागू म्हणजे कधीपासून? एक वाचन असं की क्रेडिट घेतल्या दिवसापासून, कारण साठाव्या महिन्याचे ५,४०० तुम्ही पाच वर्षं वापरलेत. १८ टक्क्यांनी त्या एका हप्त्याचं व्याज ४,८६० होतं. साठही हप्त्यांचं मिळून १ लाख ४८ हजार २३०. तसं असेल तर तुम्हाला राहणाऱ्या १ लाख ८ हजारांपेक्षा व्याजच जास्त, आणि क्रेडिट घेणं मूर्खपणा. दुसरं वाचन असं की महिन्याचा हप्ता वेळेवर उलटवला तर व्याज लागूच होत नाही, उशीर झाला तरच. मी दुसरं मानतो. ज्या कायद्याने पूर्ण क्रेडिट घ्यायला स्वतः परवानगी दिली, तो त्याच क्रेडिटवर शिक्षा कशी करेल? पण शब्द तिथेच आहेत, कुणी काढलेले नाहीत.

खानापूरचा_मिलवाला

मग मी असं करू का, ५० किलोची पोती बंदच करतो आणि सगळं २५ किलोच्या छापील पिशव्यांत भरतो. सगळा माल करपात्र, उलटवायची कटकटच नको.

उद्यमबागी

आता बोला! 😀

जुना_हिशेबनीस

३० लाखांवर ५ टक्के म्हणजे महिन्याला दीड लाख. ५,४०० वाचवायला. तुमचे किराणावाले, खानावळीवाले क्रेडिट घेत नाहीत, किलोला अडीच रुपये जास्त द्यायला ते तयार आहेत का विचारून बघा.

खानापूरचा_मिलवाला

नाही, नाही. गोव्याकडचे दोन व्यापारी तर किलोला चाळीस पैशांसाठी फोनवर अर्धा तास घासाघीस करतात. वही घालतो काका. बिलाच्या तारखेपासून साठ ओळी आखून ठेवतो, सीएना व्याजाचं लेखी विचारतो.

विणकर_वडगाव

माझ्या मागांच्या क्रेडिटचं कुणी काही सुचवलं नाही अजून. कुणाला वडगाव, खासबाग किंवा इचलकरंजीकडे मशीनचा रिफंड प्रत्यक्ष मिळालेला असेल तर इथे लिहा. निदान अपिलात कुणी गेलंय का, ते तरी.